पैसा आधी वाढला, महागाई नंतर का आली?

२०२५ च्या नोव्हेंबरात बातमी आली की ऑक्टोबर महिन्यात देशातली किरकोळ महागाई अवघी ०.२५ टक्के होती. त्या शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात गेलो आणि ज्या बाईकडून वर्षानुवर्षं नारळ घेतो तिला हौसेने ही बातमी सांगितली. तिने एक नारळ कानाशी हलवून पाहिला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "पन्नास. त्या पाव टक्केवाल्याकडे स्वस्त मिळत असेल तर मलाही पत्ता द्या."

शेजारी कांदे निवडत उभे असलेले एक निवृत्त गृहस्थ लगेच म्हणाले, "अहो, सरकार नोटा छापत सुटलंय. नोटा वाढल्या की महागाई होणारच. साधा हिशेब आहे."

हिशेब खरंच साधा आहे. अर्थशास्त्रातल्या अगदी जुन्या हिशेबांपैकी तो एक आहे आणि आमच्या काळी उच्च माध्यमिकच्या पुस्तकात त्याला 'चलन संख्यामान सिद्धांत' असं भारदस्त नाव होतं. मी तो वर्गात बरीच वर्षं शिकवला. पण त्या गृहस्थांनी त्यातला एक आकडा गाळला होता, आणि बहुतेक सगळे तोच गाळतात. तो धरला नाही तर २०२० सालचं गणित साफ चुकतं. धरला तर २०२२ ची महागाई बऱ्यापैकी उलगडते.

एका नोटेचा शुक्रवार

सकाळी साडेसात वाजता मी मासळीवालीला शंभराची नोट देऊन बांगड्यांचा वाटा घेतला असं समजा. आठ वाजता तिने तीच नोट देऊन तांबडी भाजी आणि मिरच्या घेतल्या. भाजीवालीने नऊच्या सुमारास पोदेराकडून घरच्यांसाठी पाव घेतले. पोदेर पायलटच्या मोटारसायकलवर बसून घरी गेला आणि नोट पायलटकडे आली. पायलटने दुपारी एका हॉटेलात पाव-भाजी, चहा घेतला. सोबत मित्र होता, त्याचंही बिल यानेच दिलं.

नोट एकच होती, शंभराची. व्यवहार मात्र पाचशेचे झाले. पाच जणांना शंभर-शंभर रुपयांचं गिऱ्हाईक मिळालं. बाजारात किती पैसा आहे हे विचारलं तर उत्तर शंभर. पैशाने किती काम केलं हे विचारलं तर उत्तर पाचशे. या दोन्हींमधला पाच हा आकडा म्हणजे पैशाचा चलनवेग.

आता पुढच्या शुक्रवारी सकाळपासून पाऊस आहे आणि मासळीवालीच्या मनात कसलीशी धास्ती आहे. तिने माझी नोट कनवटीला खोचली आणि तशीच घरी नेली. नोट तीच, बाजार तोच, पण काम झालं फक्त शंभराचं. भाजीवाली, पोदेर, पायलट आणि हॉटेलवाला चौघेही म्हणतील, "बाजारात पैसाच नाही." पैसा आहे. तो चालत नाही एवढंच.

समीकरण, एकदाच

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी ही जुनी कल्पना समीकरणात बसवली. आज ते साधारण असं लिहितात:

M × V = P × Y

M म्हणजे लोकांकडचा एकूण पैसा. V म्हणजे चलनवेग. P म्हणजे सर्वसाधारण किमतींची पातळी आणि Y म्हणजे खरोखर तयार झालेला माल आणि सेवा: किती मासळी, किती पाव, किती फेऱ्या. डावी बाजू म्हणजे लोकांनी केलेला खर्च. उजवी बाजू म्हणजे विकणाऱ्यांना मिळालेले पैसे. एकाचा खर्च ती दुसऱ्याची मिळकत, म्हणून दोन्ही बाजू सारख्या.

एक छोटा बंदिस्त बाजार घेऊ. त्यात एकूण १०,००० रुपये आहेत आणि आठवड्यात प्रत्येक रुपया पाचदा हात बदलतो, म्हणजे खर्च ५०,००० चा. विकायला १,००० वाटे आहेत. मग एका वाट्याची सरासरी किंमत ५० रुपये झाली. पुढे कधीतरी पैसा १० टक्क्यांनी वाढून ११,००० झाला, पण वाटे फक्त ३ टक्क्यांनी वाढून १,०३० झाले. वेग पाचच राहिला. आता ५५,००० रुपये १,०३० वाट्यांमागे आहेत. किंमत झाली साधारण ५३ रुपये ४० पैसे, म्हणजे जवळजवळ ७ टक्के वाढ. दहातून तीन वजा केले की सात. सिद्धांताचं भाकीत एवढंच आहे: पैसा उत्पादनापेक्षा जितका जास्त वेगाने वाढेल, साधारण तितकी महागाई.

त्याच बाजारात पैसा ११,००० झाला, पण लोक घाबरून नोटा कनवटीला खोचू लागले आणि वेग पाचावरून चारावर आला, तर? खर्च ४४,००० वर येतो आणि वाट्याची किंमत ४३ रुपयांच्याही खाली जाते. पैसा वाढला आणि किंमत उतरली. कांदे निवडणाऱ्या गृहस्थांनी गाळलेला आकडा हाच.

उत्पादन न वाढता नुसते आकडे वाढले तर काय होतं, हे गोव्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे. १९५९ साली इथला पोर्तुगीज रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने. प्रत्येकाच्या पेटीतला आकडा सहापट झाला आणि दुकानातला भावही सहापट झाला. कुणी श्रीमंत झालं नाही. हे अगदी शुद्ध उदाहरण, कारण पैसा सगळ्यांकडे एकाच दिवशी, एकाच प्रमाणात वाढला. एरवी तो आधी काहींच्या हातात येतो आणि बाकीच्यांकडे उशिरा पोचतो, आणि सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते.

वेग म्हणजे खरं तर विश्रांती

'वेग' हा शब्द थोडा फसवा आहे. त्यामुळे पैसा धावतोय असं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात देवाणघेवाण क्षणात होते. बाकीचा सगळा वेळ पैसा कुणाच्या तरी खिशात, पेटीत किंवा खात्यात पडून असतो. वेग ठरतो तो या पडून राहण्याच्या काळावरून.

एका कारकुनाला महिन्याला ३०,००० पगार आहे. एक तारखेला येतो आणि महिनाअखेर संपतो. त्याच्याकडे सरासरी १५,००० असतात आणि वर्षाचा खर्च ३,६०,०००, म्हणून वेग २४. शेजारचा गवंडी आठवड्याला ७,००० मिळवतो आणि आठवड्यात संपवतो. त्याच्याकडे सरासरी ३,५०० असतात, वर्षाचा खर्च ३,६४,०००, वेग १०४. दोघांचा खर्च जवळजवळ सारखा, तरी गवंड्याचा पैसा चौपट वेगाने फिरतो. कारण त्याच्याकडे तो कमी दिवस थांबतो.

म्हणून "आता सगळे फोनवरून पैसे देतात, मग वेग वाढून महागाई होणार ना?" हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. फोनवरून पैसे सेकंदात जातात खरे, पण समोरच्याच्या खात्यात जाऊन ते किती दिवस बसतात हे फोन ठरवत नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं. देशाचा चलनवेग त्याच्या आधी आणि नंतर किती होता हे पुढे येतंच आहे. फरक शोधून सापडत नाही.

'नोटा छापल्या' म्हणजे नेमकं काय झालं?

देशातल्या पैशात नोटा हा लहान भाग आहे. रिझर्व्ह बँक ज्याला विस्तृत पैसा म्हणते (बातम्यांत तो 'एम-३' नावाने येतो) त्यात लोकांच्या हातातली रोकड, चालू-बचत खात्यांतली शिल्लक आणि मुदत ठेवी हे सगळं येतं. ठेवींचा वाटा त्यात फार मोठा.

हा पैसा वाढतो तो मुख्यतः छापखान्यात नव्हे, बँकेच्या वहीत. बँकेने तुम्हाला पाच लाखांचं कर्ज मंजूर केलं की तुमच्या खात्यात पाच लाखांची शिल्लक उमटते. ती दुसऱ्या कुणाच्या खात्यातून काढलेली नसते. पैसा पाच लाखांनी वाढला. तुम्ही कर्ज फेडलं की तेवढा कमी झाला. बँकांनी सरकारी रोखे विकत घेतले तरी, आणि रिझर्व्ह बँकेने बाजारातून डॉलर घेऊन रुपये दिले तरी, हेच होतं.

मुदत ठेवी आत धरल्यामुळे या पैशाचा वेग खूप कमी दिसतो. गोव्यात याचं आश्चर्य वाटू नये. तारवटी माणूस बोटीवर नऊ महिने राबून पैसे पाठवतो आणि ते पैसे घरच्या बँकेत ठेव म्हणून जाऊन बसतात, घर बांधायला काढेपर्यंत. आखातातून येणाऱ्या पैशाचंही तेच. गोव्यातल्या बँकांकडे ठेवी भरपूर आणि त्या मानाने इथलं कर्जवाटप कमी, ही तक्रार बँकवाल्यांच्या प्रत्येक बैठकीत निघते. मोजणीत तो पैसा पूर्ण धरला जातो. बाजारात मात्र तो फिरकत नाही.

आठ वर्षं गणित तंतोतंत

आता देशाचे आकडे. २०१२ च्या मार्चअखेर भारतातला विस्तृत पैसा सुमारे ७४ लाख कोटी रुपये होता. त्या आर्थिक वर्षात देशाचं उत्पादन चालू किमतींना सुमारे ८७ लाख कोटींचं झालं. भागाकार करा: वेग जवळपास १.२. म्हणजे सरासरी रुपया एका हातात दहा महिने बसून होता.

२०२० च्या मार्चअखेर पैसा सुमारे १६८ लाख कोटी झाला आणि त्या वर्षाचं उत्पादन सुमारे २०१ लाख कोटींचं. वेग पुन्हा १.२. मधल्या आठ वर्षांत नोटबंदी झाली, जीएसटी आला, यूपीआय आलं, तरी सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा तोच.

या आठ वर्षांत पैसा दरवर्षी सरासरी पावणेअकरा टक्क्यांनी वाढला आणि खरं उत्पादन साडेसहा टक्क्यांनी. वजाबाकी केली तर सव्वाचार उरतात. एकूण उत्पादनाच्या किमती सरासरी किती वाढल्या? चार टक्क्यांच्या किंचित वर. वर्गात शिकवायला याहून नेटकं उदाहरण मला मिळालं नाही, आणि नेमकं म्हणूनच पुढच्या वर्षी धक्का बसला.

२०२०-२१: सिद्धांत नापास?

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. गोव्यात तेव्हा काय होतं ते आठवून बघा. हॉटेलं बंद, टॅक्स्या दारात झाकून ठेवलेल्या, बोटीवरून परतलेली मुलं विलगीकरणात. त्या आर्थिक वर्षात देशाचं खरं उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटलं.

पैसा मात्र वाढला, सुमारे १२ टक्क्यांनी. मजा अशी की बँकांची कर्जं जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढली होती. कर्ज घ्यायला कोण धजत होतं? पैसा आला तो दुसऱ्या वाटांनी. सरकारने मोठी उचल केली आणि बँकांनी रोखे घेतले. परदेशातून आलेले डॉलर रिझर्व्ह बँकेने विकत घेतले आणि एका वर्षात देशाच्या गंगाजळीत जवळपास १०० अब्ज डॉलरची भर पडली. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने उधार देते तो रेपो दर मेमध्ये ४ टक्क्यांवर आणला होता.

आता आधीच्या आठ वर्षांचा हिशेब तसाच लावा. पैसा १२ टक्के जास्त आणि माल ६ टक्के कमी, म्हणजे किमती सुमारे १९ टक्क्यांनी वाढायला हव्या होत्या. किरकोळ महागाई प्रत्यक्षात ६ टक्क्यांच्या आसपास राहिली. बाकीचे तेरा टक्के गेले कुठे?

ते कनवटीला गेले. २०२१ च्या मार्चअखेर पैसा सुमारे १८८ लाख कोटी होता आणि वर्षाचं उत्पादन चालू किमतींना सुमारे १९८ लाख कोटी. वेग १.०५. एका वर्षात तो सुमारे १२ टक्क्यांनी कोसळला होता. ज्याचा पगार चालू होता त्याला खर्च करायला जागा नव्हती. ज्याचा बंद झाला होता तो उरलेला पैसा जपून वापरत होता. देशभरच्या मासळीवाल्यांनी एकाच वेळी नोट खोचून ठेवली.

तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पैसा वाढला तरी महागाई येत नाही, जुना सिद्धांत आता जुनाच झाला, असंही म्हटलं गेलं. मीसुद्धा त्या वर्षीच्या ऑनलाइन तासाला मुलांना तसंच काहीसं सांगितलं. हे आता आठवलं की थोडं अवघडल्यासारखं होतं.

झोपलेला पैसा जागा झाला

२०२१-२२ आणि २०२२-२३ या दोन वर्षांत पैशाची वाढ सौम्य होती, दरवर्षी सुमारे ९ टक्के. उत्पादन चांगलं सावरत होतं. या दोन आकड्यांकडेच पाहणाऱ्याला महागाई नरम पडेल असं वाटलं असतं. झालं उलट. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.८ टक्क्यांवर गेली. सलग तीन तिमाह्या ती ६ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर राहिली आणि कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेला सरकारला खुलाशाचं पत्र लिहावं लागलं.

कारण वेग परतला. २०२१-२२ मध्ये तो १.१५ च्या आसपास आला आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा १.२. गोव्यात तर हे डोळ्यांना दिसत होतं: दोन वर्षं घरात बसलेले पर्यटक साठवलेले पैसे घेऊन उतरले आणि भाड्याच्या गाडीपासून किंगफिशपर्यंत सगळ्याचे भाव चढले.

आता मधली उलथापालथ विसरून फक्त दोन टोकं पाहा. मार्च २०२० ते मार्च २०२३ मध्ये पैसा सुमारे १६८ वरून २२३ लाख कोटींवर गेला, म्हणजे ३३ टक्के जास्त. त्याच तीन वर्षांत खरं उत्पादन सुमारे ११ टक्क्यांनी वाढलं. १.३३ ला १.११ ने भागलं की १.२० येतात: किमती २० टक्क्यांनी वाढायला हव्यात. किरकोळ महागाईचे तीन वर्षांचे आकडे ६.२, ५.५ आणि ६.७ एकमेकांवर चढवा. बेरीज नव्हे, गुणाकार. उत्तर १९.५ टक्के.

२०२० मध्ये 'न आलेली' महागाई नंतरच्या दोन वर्षांत आली. अमेरिकेत हेच आणखी ठळकपणे झालं. तिथला पैसा २०२० च्या सुरुवातीच्या सुमारे १५.४ लाख कोटी डॉलरवरून दोन वर्षांत जवळपास २१.७ लाख कोटींवर गेला. पहिल्या वर्षी वेग घसरल्याने काही जाणवलं नाही, आणि जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्के झाली. एवढी तिथे चाळीस वर्षांत पाहिलेली नव्हती.

"वेग तुम्हीच भागाकाराने काढलात, मग तो जुळणारच"

हा आक्षेप वर्गात एका मुलीने घेतला होता आणि तो बिनतोड आहे. चलनवेग मोजायचं कुठलंही यंत्र नाही. तो नेहमी उत्पादनाची किंमत भागिले पैसा असाच निघतो. म्हणून समीकरण कधीच खोटं ठरत नाही, आणि जे कधीच खोटं ठरत नाही त्यावरून काही सिद्धही होत नाही. 'वेग घसरला म्हणून महागाई झाली नाही' हे वाक्य एकटं घेतलं तर ते 'झाली नाही कारण झाली नाही' असंच आहे.

सिद्धांत सुरू होतो तो वेगाबद्दल काही बोलण्याचं धाडस केल्यावर. दावा असा की वेग लोकांच्या सवयींवर ठरतो (पगार कधी होतो, ठेवीवर व्याज किती, भविष्याची भीती किती) आणि पैसा किती आहे यावर थेट ठरत नाही. धक्का बसला तर तो हलेल, पण सवयी पूर्ववत झाल्या की जागेवर येईल. या दाव्याची परीक्षा घेता येते. वेग २०२३ पर्यंत परत येणं ही या दाव्याची उत्तीर्ण झालेली परीक्षा. पुन्हा होईलच अशी हमी त्यात नाही.

दुसरा आक्षेप कार्यकारणाचा. पैसा वाढतो म्हणून भाव वाढतात, की भाव वाढल्यावर व्यापाऱ्याला जास्त कर्ज लागतं आणि म्हणून पैसा वाढतो? बँका कर्जातून पैसा निर्माण करतात हे मान्य केलं की दुसरी दिशाही मान्य करावी लागते. अर्थतज्ज्ञांत यावर जुना वाद आहे. माझं मत विचाराल तर साध्या वर्षांत दोन्ही दिशा मिसळलेल्या असतात आणि आकड्यांवरून त्या वेगळ्या काढणं कठीण जातं. २०२०-२१ मात्र त्यामानाने स्वच्छ वर्ष आहे. पैसा आधी वाढला आणि तोही कर्जाच्या मागणीतून नव्हे. भाव नंतर वाढले.

"महागाई तर युद्धामुळे आली"

युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि २०२२ मध्ये सूर्यफूल तेल, इंधन, गहू महागले हे खरंच आहे. उत्पादनाला बसलेला धक्का समीकरणाच्या Y मध्ये येतोच. पण इथे माझी नारळवाली मदतीला येते.

एका वस्तूचा भाव वाढणं आणि सगळ्या भावांची पातळी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जून-जुलैत मासेमारीबंदी असते तेव्हा ताजी मासळी महाग होते. तुमच्याकडे पैसे ठरलेलेच असतील तर मासळीवर जास्त गेले म्हणून दुसऱ्या कशावर तरी कमी जातील आणि तिथले भाव नरमतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये असंच चित्र होतं. नारळ आणि खोबरेल तेल चढलेलं, पण भाज्या-डाळी इतक्या उतरलेल्या की खाद्यपदार्थांच्या किमती एकूणात आदल्या वर्षापेक्षा खाली होत्या. नारळवालीचं पन्नास खरं आणि सरकारचं ०.२५ ही खरं. गोव्याच्या स्वयंपाकात नारळ सोडून चालत नाही, म्हणून आपल्याला पन्नासच जास्त टोचतात.

म्हणजे युद्धाने कुठली वस्तू महागली ते सांगता येतं. जवळजवळ सगळंच एकदम का महागलं आणि ते तसंच का टिकलं, याचं उत्तर लोकांच्या हातात खर्चायला किती पैसा होता इथे शोधावं लागतं.

"गृह आधारचे पैसे वाटतात म्हणून महागाई"

हे तर दर निवडणुकीला ऐकू येतं. गृहिणींना महिन्याला १,५०० रुपये देण्यासाठी गोवा सरकार नोटा छापू शकत नाही. तो अधिकार कुठल्याच राज्याला नाही. पैसे येतात ते करातून किंवा बाजारातून घेतलेल्या कर्जातून. करातून आले तर एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले आणि पैशाचा साठा तेवढाच राहिला. योजना योग्य की अयोग्य हा वेगळा वाद.

एक खोच मात्र आहे. ठेवीत दहा महिने झोपणारा पैसा ज्या घरात आठवड्यात संपतो तिथे गेला, तर साठा न वाढताही वेग थोडा वाढतो. परिणाम छोटा, पण तो आहे. आणि कर्जरोखे बँकांनी घेतले तर साठाही वाढतो, हे वर आलंच.

वेग स्वतःच दशकानुदशकं घसरला तर?

२०१२ ते २०२३ चे आकडे पाहून वेग १.२ हा जणू निसर्गनियम आहे असं वाटेल. तसं नाही. १९७०-७१ मध्ये हाच वेग चारच्या वर होता. १९९०-९१ पर्यंत तो सव्वादोनच्या आसपास आला. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर गावोगाव बँकांच्या शाखा निघाल्या. धान्यात, सोन्यात, जमिनीत ठेवली जाणारी बचत मुदत ठेवींत येऊ लागली. पैसा वाढत होता, पण त्यातला बराच बाजारासाठी नव्हताच.

म्हणून १९८० च्या दशकात पैसा वर्षाला सुमारे १७ टक्क्यांनी आणि उत्पादन साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढूनही महागाई साडेअकरा झाली नाही. ती बरीच खाली राहिली. सरळ वजाबाकी करणारा दरवर्षी चुकला असता, आणि दरवर्षी एकाच दिशेने.

रिझर्व्ह बँकेनेही हे अंगावर घेऊन पाहिलं आहे. १९८५ साली सुखमय चक्रवर्ती समितीने सुचवलं की पैशाच्या वाढीचं लक्ष्य ठरवून महागाई आवरावी. काही वर्षं तसं केलं. उदारीकरणानंतर लोकांच्या पैसे ठेवण्याच्या सवयीच बदलू लागल्या, वेगाचा अंदाज बांधता येईना, आणि १९९८ मध्ये बँकेने केवळ पैशाच्या वाढीवर विसंबणं सोडून दिलं. २०१६ पासून लक्ष्य थेट महागाईचं आहे, ४ टक्के, दोन टक्के इकडे-तिकडे. हत्यार व्याजदराचं. व्याज वाढलं की कर्ज कमी, म्हणजे पैशाची वाढ मंद. पण ठेवीवरचं व्याजही वाढतं, म्हणजे पैसा ठेवीत जास्त थांबतो. एकाच दराने साठा आणि वेग दोन्हींवर हात ठेवायचा हा प्रयत्न आहे, आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून साडेसहावर नेला तो याचसाठी.

वेग उलट दिशेने सुटला तर काय होतं हे १९२३ च्या जर्मनीत दिसलं. पैसा तासातासाला उतरतोय हे कळल्यावर तो कुणी ठेवेना. कामगारांना दिवसातून दोनदा पगार मिळू लागला आणि घरचे तो घेऊन लगेच दुकानाकडे पळत. तिथे वेगाने पैशाच्या वाढीवर मात केली आणि भाव नोटांपेक्षाही पुढे गेले.

रिझर्व्ह बँक एम-३ चा आकडा दर पंधरवड्याला जाहीर करते आणि मराठी वर्तमानपत्रं तो सहसा छापत नाहीत. मी मात्र पाहतो, आणि मार्च संपला की वहीच्या शेवटच्या पानावर भागाकार मांडतो. १.२ पासून उत्तर लांब गेलं की ०.२५ सारखा आकडा टिकेल यावर मला फार विश्वास वाटत नाही. नारळवालीला मी यातलं थोडं सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं, माझी पन्नासाची नोट पिशवीत टाकली आणि विचारलं, "मग ही नोट मी आत्ता मोडू की ठेवू?" मी उत्तर जुळवेपर्यंत ती पुढच्या गिऱ्हाइकाला सुट्टे देत होती.